एलपीएम, घ.मी./ता. आणि पत्रकातले साडेसात

मृणाल_भ
ठिबक संचाच्या माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. मूळ इंग्रजीत एक एकराच्या संचाला लागणारा पंपाचा डिस्चार्ज ४५० एलपीएम, म्हणजे मिनिटाला ४५० लिटर, दिलाय. जुन्या मराठी पत्रकात त्याच जागी 'विसर्ग ७.५ घ.मी./ता.' असं आहे. डिस्चार्जला 'विसर्ग' ठेवू की 'प्रवाह' करू? आणि 'घ.मी./ता.' हे वाचणाऱ्याला कळेल का? आकडा तसाच ठेवणार आहे, तो कुणीतरी हिशेब करूनच टाकला असेल.

ठिबकराव
ताई, शब्द नंतर बघू, आधी तो आकडा काढा. ४५० ला ६० ने भागलं की ७.५ येतात खरे, पण ते सेकंदाला लिटर. ताशी हवं तर भागायचं नाही, गुणायचं. मिनिटाला ४५० म्हणजे तासाला २७,००० लिटर. हजार लिटरचा एक घनमीटर, म्हणजे ताशी २७ घनमीटर. थेट करायचं तर एलपीएमला ०.०६ ने गुणा.

ही चूक टिकते याचं कारण साडेसात हा आकडा पंपाच्या बाबतीत खपून जातो. सेकंदाचा ३.६ हा गुणक चुकून मिनिटाच्या आकड्याला लावला असता तर १,६२० आले असते आणि कुणीही हसलं असतं.

२७ बरोबर आहे का ते शेताकडूनही तपासता येतं. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. लॅटरल, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या नळ्या, दीड मीटरवर आणि ड्रिपर ४० सेंटिमीटरवर धरले तर साधारण ६,७४५ ड्रिपर बसतात. प्रत्येकी ताशी ४ लिटरने २६,९८० लिटर होतात. पत्रक करणाऱ्याने हेच गणित धरलेलं दिसतंय.

विसर्गप्रेमी
'विसर्ग' बदलू नका. धरणातून विसर्ग वाढवला, हे पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रात येतं. रुळलेला शब्द टाकून 'डिस्चार्ज' घेण्यात काय हशील?

कोपरगावकर
धरणातून सोडतात तो विसर्ग, आणि तोसुद्धा क्युसेकमध्ये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, ताशी जवळजवळ १०२ घनमीटर. विहिरीवरच्या मोटारीला विसर्ग म्हटलं तर दुकानदार व्याकरणाचं पुस्तक पुढे करेल. शेतकरी 'मोटार पाणी किती फेकते' असं विचारतो.

बाकी रूपांतर सोपं आहे. एलपीएमला १६.६७ ने भागा, २७ येतात. ज्या पंपाच्या प्लेटवर २७ किंवा त्याहून जास्त दिसेल तो उचला. एवढ्याला कशाला चर्चा?

ठिबकराव
कोपरगावकर, भागाकार बरोबर, पण पंप असा उचलू नका. प्लेटवर बऱ्याचदा हेडचा, म्हणजे पंप पाणी किती मीटर उंच ढकलतो त्याचा, आणि डिस्चार्जचा पल्ला असतो. त्यातला सगळ्यात मोठा डिस्चार्ज सगळ्यात कमी हेडला मिळतो. दोन्ही मोठे आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत.

म्हणून २७ च्या जोडीला हेड काढावं लागतं. समजा विहिरीतल्या पाण्यापासून शेतातल्या सगळ्यात उंच जागेपर्यंत २० मीटर, पाइपातलं घर्षण ४, फिल्टरला ४ आणि लॅटरलच्या तोंडाशी एक किलो दाब राहावा म्हणून १० मीटर. झाले ३८. आता कंपनीच्या तक्त्यात ३८ मीटरच्या रकान्याखाली ४५० एलपीएम आहेत का, ते बघायचं. ताकदीचा अंदाज असा: २७ गुणिले ३८ भागिले ३६७, म्हणजे २.८ किलोवॅट. पंपाची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर शाफ्टवर ५.१ किलोवॅट, जवळपास ६.८ एचपी. म्हणून साडेसात एचपीची मोटार. याच सूत्रात चुकीचे ७.५ घनमीटर टाकले तर दोन एचपी पुरेल असं उत्तर येतं, आणि दुकानात तसा पंप मिळतोही.

सचिव_बी_विंग
आमच्या गच्चीवरची १०,००० लिटरची टाकी ४० मिनिटांत भरायची आहे. दुकानदार ताशी २७ घनमीटरचाच पंप सुचवतोय. तुमचाही आकडा २७ आलाय म्हणून विचारतो. घ्यावा का?

ठिबकराव
सचिवसाहेब, इथला २७ एका एकराच्या ड्रिपरचा आहे. तुमचे १०,००० भागिले ४० म्हणजे २५० एलपीएम, ताशी १५ घनमीटर. इमारतीची उंची आणि वर चढणाऱ्या पाइपाचा व्यास सांगा, मग हेडचं बोलू.

मृणाल_भ
बापरे. म्हणजे जुनं पत्रक बघून कुणी ताशी साडेसातचा पंप घेतला असेल तर शेतात काय दिसेल?

ठिबकराव
ताशी साडेसात म्हणजे फक्त १२५ एलपीएम. एकराचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की दाब बसतो. जवळच्या लॅटरलला थोडं पाणी येतं, टोकाकडचे ड्रिपर कोरडे. सबमेनच्या शेवटी गेज लावलं तर काटा किलोच्या आसपास फिरकत नाही. सँड फिल्टर २७ च्या हिशेबाने घेतलेला असेल तर बॅकवॉशला, म्हणजे उलटं पाणी सोडून तो धुताना, वाळू उचललीच जात नाही, आणि महिनाभराने ड्रिपर तुंबले म्हणून खापर पाण्यावर फुटतं.

मोजायचं असेल तर २०० लिटरचा ड्रम घ्या. ४५० एलपीएमला तो २७ सेकंदांत भरतो, १२५ ला दीड मिनिटाच्या वर जातो. फक्त एक काळजी घ्या. विहिरीशेजारी पाइप मोकळा सोडून मोजलं तर हेड कमी असतं, म्हणून पाणी जास्त दिसतं. फिल्टरच्या पुढे, व्हॉल्व्ह मुरडून नेहमीचा दाब धरून मोजा.

कोपरगावकर
आणि उन्हाळ्यात विहीर सहा मीटर खाली गेली तर? तुमचा ३८ चा ४४ झाला की.

ठिबकराव
झाला. तक्त्यात ४४ ला समजा ३३० एलपीएम असतील, तर ताशी २० घनमीटरही पुरे नाहीत. प्रवाह घटला की घर्षणही घटतं, म्हणून प्रत्यक्षात त्याच्या थोडं वर थांबेल, पण २७ येणार नाहीत. अशा वेळी पंप बदलण्याआधी एकराचे दोन व्हॉल्व्ह करून अर्धा-अर्धा एकर भिजवावा. पत्रकात पाण्याची उन्हाळी पातळी धरा एवढी ओळ तरी हवी.

विसर्गप्रेमी
मूळ प्रश्न शब्दाचा होता, याची आठवण करून देतो. घ.मी./ता. मध्ये वाईट काय?

कोपरगावकर
'ता.' म्हणजे तालुका किंवा तारीख. दुकानात 'पंचवीस एम-क्यूबचा फिल्टर द्या' म्हणतात. तेच छापा.

विसर्गप्रेमी
एम-क्यूब छापायचं तर पत्रक मराठीत करायचंच कशाला?

ठिबकराव
'ताशी २७ घनमीटर' लिहा की. 'प्रति'ही नको आणि तिरकी रेघही. 'लि./मि.' मात्र टाळा, त्यातला 'मि.' कुणी मिनिट वाचतो, कुणी मीटर. 'मिनिटाला ४५० लिटर' असं सरळ लिहा आणि दोन्ही आकडे शेजारी छापा, कारण फिल्टर घनमीटरमध्ये विकतात, पंपाच्या प्लेटवर कुठे एलपीएम असतं तर कुठे सेकंदाला लिटर.

मृणाल_भ
दोन्ही छापते. पण रकान्याचं नाव अजून ठरलेलं नाही. 'पाण्याचा प्रवाह' चालेल?

विसर्गप्रेमी
प्रवाह नदीला असतो. पंपाला विसर्ग.

कोपरगावकर
नदीला धार, पंपाला डिस्चार्ज.

सचिव_बी_विंग
इमारत सात मजली, पाइप दोन इंची. १५ की २७?