मदत हवी आहे: बँकेतून येणारी कामं, पण 'वाटा' न देता

मी सांगलीत सीए आहे, स्वतःची प्रॅक्टिस सुरू करून तीन वर्षं झाली. एका बँकेचे शाखाधिकारी कॅश क्रेडिट मागणाऱ्या व्यापाऱ्यांना सीएमए डेटा करून घ्यायला माझ्याकडे पाठवायचे. त्यांना मी कधी चहासुद्धा पाजला नाही. एवढंच पाळलं की फाईल अर्धवट जाऊ द्यायची नाही. स्टॉक आणि येणी जीएसटी रिटर्नशी जुळत नसतील तर पार्टीला आधीच परत पाठवायचो. क्वेरी कमी येतात म्हणून साहेब खूश.

आता त्यांची बदली झाली. नवीन साहेबांच्या भोवती एक कर्ज एजंट असतो. तो म्हणतो, "सर, दर फाईलमागे फीचे वीस टक्के द्या, महिन्याला चार पार्ट्या नक्की." सीए कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातलं दुसरं कलम हेच तर मना करतं: सभासद नसलेल्याला फीतला वाटा नाही. उलट त्याच्याकडून कमिशन घेणंही तितकंच अडचणीचं. शिवाय वाटा दिला की आकडे फुगवायचा आग्रह येणारच.

स्वतः शाखेत जाऊन काम मागणं म्हणजे सॉलिसिटेशन. दुसऱ्या सीएकडे मात्र काम मागता येतं, म्हणून ऑडिटवाल्या सीनियरना विचारतोय.

नवीन साहेबांशी ओळख कशी वाढवावी? शाखेतल्या कर्जदारांसाठी स्टॉक स्टेटमेंट कसं भरायचं यावर तासभर मोफत बोललो, कार्डं न वाटता, तर चालेल का? कुणी केलंय का असं? वकील मंडळी टायटल सर्चच्या कामात हे कसं सांभाळतात?