मदत हवी आहे: मीटिंगचं रेकॉर्डिंग थोडा वेळ थांबवा, हे होस्टला मेलमध्ये कसं लिहू?

पारिजात
घरात स्मृतिभ्रंशाचं माणूस सांभाळणाऱ्यांचा आमचा एक लहान गट आहे. महिन्यातून एकदा झूमवर भेटतो. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी होस्टताई रेकॉर्डिंग करतात आणि लिंक सगळ्यांना पाठवतात. या रविवारी मला बाबांबद्दल बोलायचंय. गेल्या आठवड्यात त्यांनी आईवर हात उगारला. ते मनात ठेवून चालणार नाही, पण तीन महिन्यांनी कोणीतरी चहा पिता पिता ती लिंक उघडावी असंही नको. शिवाय गोष्ट माझ्या एकटीची नाही, आईचीही आहे.

मेल लिहिला तो असा झालाय:

"ताई, तुम्हाला त्रास देतेय, माफ करा. तुमच्या रेकॉर्डिंगबद्दल माझी काही तक्रार नाही, सगळ्यांना उपयोगच होतो. पण मला थोडं खासगी बोलायचंय, तर शक्य असल्यास काही करता येईल का? नाही जमलं तरी चालेल."

पाठवला नाहीये. वाचताना मलाच रडका वाटतोय.

रिकामटेकडा
रेकॉर्डिंगची परवानगी हवी असेल तर होस्टला मीटिंगमध्येच विचारा, ते तुमच्या नावासमोर परवानगी देऊ शकतात. मेल कशाला?

पारिजात
उलटं आहे हो. मला करायचं नाहीये, थांबवायचंय.

निवांत
मी अशा मीटिंगा बरीच वर्षं चालवतोय. तुमचा मेल रडका असण्यापेक्षा मोठी अडचण म्हणजे त्यात करायचं काय तेच नाही. "काही करता येईल का" वाचून मी उत्तर देईन, "हो, बघूया", आणि रविवारी विसरेन. होस्टला तीन गोष्टी कळायला हव्यात: कधी थांबवायचं, कुठल्या खुणेवर पुन्हा सुरू करायचं, आणि दाबणार कोण. कारण एका ओळीत पुरे, घटना मेलमध्ये सांगूच नका. मेल पुढे पाठवला जातो, मग रेकॉर्डिंग थांबवून काय उपयोग! आणि "नाही जमलं तरी चालेल" काढा. तुम्हाला चालणार नाहीये.

मीनल_क
इतकं कशाला? सगळं रेकॉर्ड होऊ दे, नंतर तेवढा तुकडा कापून टाकायला सांग. सोपं.

निवांत
कापता येतं, पण आपोआप नाही. फाइल उतरवून घ्या, एडिट करा, पुन्हा चढवा, आणि मूळ फाइल आठवणीने पुसा. क्लाउडवर रेकॉर्डिंग असेल तर सोबत बोलण्याचा लिखित मजकूरही तयार झालेला असू शकतो, तोही आठवणीने पुसावा लागतो. पॉज केलं तर ते शब्द फाइलमध्ये जातच नाहीत. झूममध्ये Pause आणि Stop वेगळे आहेत. पॉज करून पुन्हा चालू केलं की सगळं त्याच फाइलमध्ये येतं. विंडोजवर होस्टला `Alt+P` दाबलं तरी पुरतं. गूगल मीटमध्ये मात्र पॉज नाही, बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं आणि दोन फाइली होतात.

जुना_खेळाडू
पॉजवरून आठवलं. आमच्या गटात एकाने असंच सांगितलं, होस्टने पॉज केलं, त्या माणसाचं बोलणं संपलं, सगळे हळवे झाले आणि पुन्हा चालू करायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. पुढची पाऊण तासाची मीटिंग गेली. त्यात बाहेरून बोलावलेल्या पाहुण्यांचं बोलणं होतं! म्हणून पुन्हा सुरू करायची आठवण दुसऱ्या कोणाकडे तरी द्या, बोलणाऱ्याकडे नको.

मीनल_क
बरं, कापण्याचं मागे घेते. पण सबटायटल चालू असतील तर? होस्टने मुभा ठेवली असेल तर सहभागी लोकही तो मजकूर आपल्याकडे सेव्ह करू शकतात. आमच्या ऑफिसात झालंय.

निवांत
बरोबर पकडलंत. रेकॉर्डिंग थांबलं म्हणून सबटायटल थांबत नाहीत. तेही मेलमध्ये लिहा. समोरच्याने मोबाइलवर पडदा टिपला तर मात्र कुठलंच बटण कामाचं नाही. तिथे होस्टने तोंडी विनंती करायची, एवढंच हातात आहे.

पारिजात
असा केलाय. विषय: "रविवारी माझ्या बोलण्यापुरतं रेकॉर्डिंग पॉज".

"ताई, रविवारी 'या महिन्यात काय घडलं' या भागात मी घरातलं एक खासगी बोलणार आहे. त्यात आईचाही संबंध आहे, म्हणून ते रेकॉर्डिंगमध्ये नको. माझी पाळी आली की बोलण्याआधी रेकॉर्डिंग आणि सबटायटल थांबवाल का? थांबलं की तसं सगळ्यांना सांगा, मग मी सुरुवात करेन. साधारण दहा मिनिटं लागतील, आणि प्रश्नोत्तरं झाली की 'माझं झालं' म्हणेन. पुन्हा सुरू करायची आठवण सहहोस्टला द्याल का? जमेल का ते शनिवारपर्यंत कळवा, नाहीतर मी तो विषय तिथे काढणार नाही."

शेवटचं वाक्य धमकीसारखं वाटतंय का?

जुना_खेळाडू
मला वाटतंय थोडं.

निवांत
मला नाही. होस्ट म्हणून मला तेच सगळ्यात उपयोगी वाक्य वाटलं.

मीनल_क
"नाहीतर" ऐवजी "नसेल जमत तर मी तुम्हाला एकटीलाच फोन करेन" असं केलं तर?

पारिजात
हे बरंय. पण मग ज्यांच्या घरी हेच घडतंय त्यांना ते ऐकायला मिळणार नाही, आणि बोलायचं तर त्यांच्याशीच आहे. आज रात्री ठरवते.