'मुळे' कुठे टिकतं?

> 'लोकलच्या लांब प्रवासामुळे झोप कमी होते' या माझ्या प्रबंधातल्या वाक्यावर गाईडनी लाल रेघ मारली. 'कदाचित' घातलं की चालेल का?

नाही. खटकतंय ते 'मुळे'. एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून दोन गोष्टी सोबत आढळतात एवढंच कळतं. विरारला राहणाऱ्याची मिळकत किंवा कामाची पाळीही झोप कमी करत असेल. म्हणून दावा दोन वाक्यांत तोडा. जे मोजलं ते ठामपणे: 'या नमुन्यात लांब प्रवास करणाऱ्यांनी कमी झोप नोंदवली.' इथे 'कदाचित' घालणं म्हणजे स्वतःच्याच आकड्यांवर अविश्वास. कारणापुरतं सावध राहा: 'प्रवासाचा वेळ हे यामागचं एक कारण असू शकेल, मिळकत आणि कामाची पाळी तपासलेली नाही.' 'कदाचित असू शकण्याची शक्यता' मात्र नको. सावधपणाचं तिहेरी कुंपण झालं ते!