प्रतिसाद: चालीत शब्द कुठे बसवायचे

"ट्रॅक रेडी आहे, बासरी पण मस्त आहे, पण ओळ कुठे सुरू करू आणि कुठे थांबवू तेच कळत नाहीये"

आधी शब्द बाजूला ठेव. ट्रॅक ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये टाक आणि ऐकता ऐकता जिथे काही बदलतं तिथे Ctrl+M दाब, लेबल पडतं, त्यात नुसतं 'चढ' किंवा 'थांबा' लिही.

आमच्या पंचवटीतल्या मित्राचा ट्रॅक सांगते. टेंपो 90, म्हणजे मिनिटाला 90 बीट, चार बीटचा एक बार, म्हणजे चार बार साधारण पावणेअकरा सेकंद. लेबलं टाकल्यावर दिसलं की दर चौथ्या बारला बासरी बोलते, म्हणजे गायकाला तीनच बार, बरोबर 8 सेकंद. त्यात बारा बीट येतात, पंधरा-सोळा अक्षरं आरामात बसतात, वीसच्या पुढे गेलीस की श्वास घ्यायला जागा उरत नाही आणि शेवटचा शब्द बासरीवर चढतो, मग दोन्ही नीट ऐकू येत नाहीत.

मुखड्याआधी दोन बार व्हायोलिन्स वर चढत जातात, तिथे लोक हमखास शब्द कोंबतात. मला ते अजिबात पटत नाही, तिथे एखादा 'आ'कारान्त शब्द लांबव नाहीतर गप्प रहा. मुखड्याचा महत्त्वाचा शब्द मात्र समेवरच पडू दे, त्याआधीचं 'अगं', 'सांग ना' वगैरे अर्धा-एक बीट आधी उचललं तरी चालतं.

आणि सगळं 'ना ना ना' म्हणून मोबाईलवर रेकॉर्ड कर. जिथे 'ना' गिळला जातोय, तिथे एक अक्षर कमी कर.