नंबर न टाकता कापले गेलेले पैसे

“नंबर टाकला नाही, ओटीपी आला नाही, मग बॅलन्स कापला कसा?”

मोबाइल डेटा चालू असताना एखाद्या सशुल्क सेवेचे पान कोणत्या सिमवरून उघडले, हे मोबाइल कंपनीच्या नेटवर्कला ठाऊक असते आणि तेच ती ओळख पैसे घेणाऱ्या पानाला कळवते, त्यामुळे संमतीचे बटण दाबले की पुरते. वायफायवर ही ओळख मिळत नाही, म्हणून तिथे नंबर आणि ओटीपी मागितला जातो. पोस्टपेडवर सेवेची रक्कम महिन्याच्या बिलात चढते. प्रीपेडवर मात्र ती मुख्य बॅलन्समधूनच लगेच वळती होते, अमर्यादित पॅकमधून नव्हे.

आर्वी तालुक्यातील आमच्या गावी वडिलांच्या फोनवर हेच घडले. पॅक चालू होता, पण मुख्य बॅलन्स शून्य असल्याने चुकून सुरू झालेल्या सेवेची वसुली अनेक दिवस फसत राहिली. कापसाच्या वेचणीत त्यांनी 100 रुपयांचा टॉपअप मारला, 81.75 रुपये जमा झाले आणि संध्याकाळी पाहतो तर 71.75 उरलेले. अशी सेवा 155223 या निःशुल्क क्रमांकावरून बंद करता येते. त्यांची आम्ही तिथूनच बंद केली.