मदत हवी आहे: बिलात सवलत आणि हप्ते कसे मागावेत?

बाबा पुण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये न्यूमोनियामुळे नऊ दिवस आयसीयूत होते. आता वॉर्डात आहेत, परवा डिस्चार्ज. बिल ४,८६,००० रुपये, त्यातले दीड लाख भरलेत.

काल तपशीलवार बिल मागून घेतलं आणि रात्री ताईबरोबर ओळ न् ओळ तपासली. व्हेंटिलेटर नऊ दिवसांचा लावलाय, रोज ६,०००. पण नळी चौथ्या दिवशी काढली, मी स्वतः काचेतून पाहिलं. म्हणजे ३०,००० जास्तीचे. बिलिंगवाले म्हणतात, "सिस्टीममध्ये तसंच आहे." नर्सिंग चार्टची प्रत लेखी मागितली आहे.

घरचं वार्षिक उत्पन्न २,९०,०००, तहसीलदारांचा दाखला आहे. धर्मादाय योजनेत ३,६०,००० पर्यंत दुर्बल घटकाची सवलत मिळते ना? प्रशासन म्हणतं, "ॲडमिट होतानाच सांगायला हवं होतं." तेव्हा बाबांना श्वास घेता येत नव्हता हो, कागद कुठून सुचणार!

आता अर्ज हॉस्पिटलच्या समाजसेवकाकडे द्यावा की थेट धर्मादाय सहआयुक्तांकडे? उरलेल्या रकमेसाठी ते पुढच्या तारखांचे चेक मागतायत. एखादा बाउन्स झाला तर केस होईल, म्हणून लेखी हप्ते हवेत, महिना १२,०००. कुणी असं करून घेतलंय का? अर्जात काय लिहिलंत?