उत्तर: फ्लॉरेन्स की फिरेंझे?

>> परक्यांना उच्चार जमत नाही, म्हणून ते गावांची नावं मोडतात.

काही वेळा, हो. पण इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या बाबतीत नाव बदललं ते गावकऱ्यांनीच; ते आज त्याला फिरेंझे म्हणतात. रोमन काळातलं लॅटिन नाव होतं फ्लोरेन्तिया. लॅटिनमधल्या शब्दारंभीच्या ‘फ्ल’चा इटालियनमध्ये ‘फ्य’ झाला: फ्लाम्मा (ज्योत) झालं फ्याम्मा, फ्लूमेन (नदी) झालं फ्यूमे. त्याच ओघात फ्लोरेन्तियाचं फ्योरेन्झा झालं. इटालियन कवी दान्तेच्या लिखाणात हेच रूप आहे. पुढे तेही झिजून फिरेंझे उरलं. फ्रेंचमध्ये ‘फ्ल’ टिकला (ज्योतीला तिथे आजही ‘फ्लाम’च म्हणतात), म्हणून तिथे फ्लॉरेन्स राहिलं आणि इंग्रजीने ते तसंच उचललं. म्हणजे जुनं व्यंजन परक्यांकडे शाबूत आहे.

पॅरिसचीही गत तीच. शेवटचा ‘स’ एकेकाळी फ्रेंच लोकही उच्चारत. त्यांनी तो सोडला, इंग्रजीत राहिला आणि तिथून मराठीत आला. तिथले लोक ‘पारी’ म्हणतात. नाव मोडलंय की जपलंय हे ओळखायचं तर त्या गावच्या भाषेतले इतर शब्द बघा. तोच ध्वनी त्यांतही बदलला असेल, तर बदल घरचाच.